विरजण वाढवून दही घट्ट होत नाही

प्रश्न: उन्हाळ्यात दही आंबट होऊन पाणी सुटतं आणि थंडीत रात्रभर ठेवलं तरी दूधच राहतं. मी अर्धा लिटर दुधाला दोन चमचे विरजण घालते. दूध नेमकं किती कोमट हवं, विरजण किती घालायचं? सुरीने कापता येईल असं घट्ट कवडी दही हवं आहे.

उत्तर:

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. दही घट्ट होणं हे दुधावर आणि ते कसं तापवलं त्यावर ठरतं. दही किती तासांत लागेल आणि किती आंबट होईल, हे ऊब आणि विरजण ठरवतात. पातळ दह्याला जास्त विरजण हा उपाय बहुतेक जण करून पाहतात, पण त्याने दही लवकर आंबट होतं, घट्ट होत नाही. म्हणून आधी दुधाचं बघू.

घट्टपणा येतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे. दही लागतं तेव्हा केसीन नावाच्या प्रथिनाचे बारीक कण आंबटपणामुळे एकमेकांना चिकटून जाळं तयार करतात आणि दुधातलं पाणी त्या जाळ्यात अडकून बसतं. जाळं दाट असेल तर दही कापता येतं, विरळ असेल तर चमचा घातल्याबरोबर पाणी वर येतं. दुधात आणखी एक प्रकारची प्रथिनं असतात, जी चीज करताना पाण्याबरोबर निघून जातात. दूध नुसतं कोमट करून विरजलं तर या प्रथिनांचा जाळ्याला काही उपयोग होत नाही. पण दूध ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून काही वेळ तिथेच ठेवलं की ती उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात. मग तेवढ्याच दुधात जाळं दाट होतं आणि पाणी धरून ठेवतं.

यात मेख वेळेची आहे. दूध उतू येऊ लागलं की गॅस बंद करायचा, ही सवय दूध नासू नये म्हणून ठीक आहे, दह्यासाठी अपुरी आहे. उकळी आल्यावर आच अगदी मंद करा आणि दहा ते पंधरा मिनिटं दूध तसंच राहू द्या. कडेला बारीक बुडबुडे दिसत राहावेत इतपतच आच. मधूनमधून तळापासून ढवळा, नाहीतर खाली लागेल आणि करपट वास थेट दह्यात उतरेल. या वेळात दूध थोडं आटतंही. ६०० मिलिलिटर दुधाचं साधारण ५२०-५४० झालं, म्हणजे आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकं आटलं, तर दह्यात फरक स्पष्ट जाणवतो.

म्हशीच्या दुधाला एवढं आटवण्याची गरज सहसा पडत नाही. त्यात स्निग्धांश आणि घनपदार्थ मुळातच जास्त असतात. गाईच्या किंवा टोन्ड दुधाला मात्र मदत लागते. आटवायचा कंटाळा असेल तर अर्धा लिटर गार दुधात एक मोठा चमचा दूध पावडर गुठळ्या न ठेवता मिसळा आणि मग तापवायला ठेवा. यापेक्षा जास्त पावडर घातली तर दही घट्ट होतं खरं, पण चवीला पिठूळ लागतं.

आता ऊब. विरजणात जे जिवाणू असतात त्यांतले मुख्य कामकरी, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस, ४० ते ४३ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढतात. घरच्या विरजणात थोडे लॅक्टोकोकस जातीचेही असतात. त्यांना २५ ते ३० अंश चालतात, म्हणून साध्या खोलीच्या तापमानालाही घरचं दही लागतं. पन्नासच्या वर गेलात तर हे जिवाणू हळूहळू मरू लागतात आणि दूध आणखी गरम असेल तर ते झपाट्याने मरतात. मग सकाळपर्यंत दूध तसंच राहतं. कधी अर्धवट मेलेल्या विरजणामुळे खाली पाणी आणि वर लिबलिबीत थर असं काहीतरी दिसतं.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर. तो नसेल तर करंगळीची परीक्षा चालते, पण ती नीट करावी लागते. आधी दूध तळापासून ढवळा. पातेल्यात दूध शांत असेल तर कडेचं दूध गार आणि सायीखालचं मधलं दूध गरम असतं. वरवर बोट बुडवलं तर पाच-सात अंशांची फसगत सहज होते. मग स्वच्छ करंगळी बुडवून दहापर्यंत मोजा. ऊब हवीशी वाटली, बोट काढावंसं वाटलं नाही, तर दूध ४० च्या आसपास आहे. गरम आहे पण दहापर्यंत सोसवतं, तर ४५. तीन-चार मोजेपर्यंतच बोट मागे घ्यावंसं वाटलं, तर पन्नाशी गाठलेली आहे, थांबा.

थंडीत या परीक्षेत एक घोळ होतो. बोटं स्वतःच गार असतात, त्यामुळे ३७ अंशांचं दूधही चांगलं गरम वाटतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत दूध जरा जास्त ऊबदार हवं असतं! थंडीत मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघा, तिथली त्वचा बोटांइतकी गार पडलेली नसते.

पण विरजण लावताना दूध किती कोमट होतं, एवढ्यावर काम भागत नाही. पुढचे तीन-चार तास ते किती कोमट राहिलं, यावर सगळं ठरतं. तुमचं थंडीतलं दही इथेच अडतंय. समजा, स्वयंपाकघरात १९ अंश आहेत. स्टीलच्या पातळ भांड्यात अर्धा लिटर दूध ४३ अंशांना विरजून ओट्यावर ठेवलं. एवढं कमी दूध फार झपाट्याने निवतं. दीड तासात ते तिशीच्या खाली येतं आणि तीन तासांत खोलीच्या तापमानाच्या दोन-तीन अंश वर उरतं. जिवाणूंना कामाचा असा तासभरच मिळाला. उरलेली रात्र ते जवळजवळ झोपून राहतात. त्यामुळे दहा तासांनीही दूध दूधच दिसतं.

अशा वेळी विरजण दुप्पट केलं तर? जिवाणू दुपटीने वाढतात: एकाचे दोन, दोनाचे चार. विरजण दुप्पट केल्याने तुम्ही या शिडीची फक्त एक पायरी वाचवता. चांगल्या उबेत ही पायरी साधारण अर्ध्या-पाऊण तासाची असते. म्हणजे दोन चमच्यांचे चार केले तरी दही फार तर पाऊण तास आधी लागेल. उलट ऊब गेली की एकेक पायरी चढायला कितीतरी तास लागतात. ऊब कमी पडली तर ती विरजणाने भरून निघत नाही. थंडीत विरजण थोडं वाढवायचं ते दूध निवायच्या आत कामाला सुरुवात व्हावी म्हणून. खरा भर भांडं उबेत ठेवण्यावर हवा.

आणि उन्हाळ्यात? स्वयंपाकघरातच ३३-३४ अंश असतील तर दूध रात्रभर गरमच राहतं. तिथे दोन चमचे विरजण घातलं तर चार तासांत दही लागतं आणि पुढचे चार-पाच तास ते नुसतं आंबत जातं. आंबटपणा वाढत गेला की केसीनचं जाळं आवळतं आणि अडकलेलं पाणी बाहेर पिळून टाकतं. तेच तुम्हाला सकाळी वर तरंगताना दिसतं. भरमसाट विरजणाचा आणखी एक तोटा आहे. विरजणाबरोबर त्यातला तयार आंबटपणाही दुधात येतो, जाळं घाईने बनतं आणि दही मऊ लागण्याऐवजी रवाळ होतं.

अर्धा लिटर दुधाचा हिशोब सांगतो. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला. स्वयंपाकघरात ३२ अंशांच्या वर असेल तर दूध ३६-३७ अंशांवर आणा, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच, आणि विरजण अर्धा चमचा. चार-पाच तासांत दही लागतं. हवा बेताची, २५ ते ३० अंश असेल, पावसाळ्यात बहुधा असतेच, तर दूध ४० आणि विरजण एक चमचा. त्याला पाच ते सात तास द्या. २० ते २५ अंशांच्या हवेत दूध ४२-४३, विरजण दीड ते दोन चमचे आणि भांडं जाड कापडात गुंडाळलेलं. वीसच्या खाली दूध ४४-४५, विरजण दोन ते तीन चमचे आणि पुढे सांगितलेली उबेची सोय. नुसतं गुंडाळून तिथे भागत नाही.

हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. विरजण ताजं असेल तर कमी लागतं, जुनं असेल तर जास्त. लिटरभर दूध असेल तर विरजण दुप्पट घ्या, पण लागायला वेळ थोडा कमी लागेल. कारण जास्त दूध हळू निवतं. एक वाटीभर दूध थंडीत विरजणं सगळ्यात अवघड, ते याच कारणामुळे.

थंडीत ऊब टिकवायला गरम पाण्याइतका हुकमी उपाय नाही. मघाचीच १९ अंशांची रात्र घ्या. रात्री दहा वाजता दूध ४४ अंशांना विरजलं. प्रेशर कुकरमध्ये दीड-दोन लिटर पाणी ४५ अंशांचं घ्या, म्हणजे दुधाइतकंच कोमट, कढत नाही. त्यात झाकण लावलेलं दह्याचं भांडं ठेवा. पाणी दुधाच्या पातळीपर्यंत यावं, भांडं तरंगू नये. कुकरचं झाकण लावून वरून चादर किंवा शाल गुंडाळा. गॅस अर्थातच बंद. आता अर्ध्या लिटरऐवजी दोन-अडीच लिटरचा ऐवज निवायचा आहे आणि भोवती चादरही आहे. त्यामुळे रात्री एकलाही दूध ३५ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे तीन-चारपर्यंत तिशीच्या वर टिकतं. सकाळी सहा-सातला दही लागलेलं मिळतं. तेच दूध, तेवढंच विरजण ओट्यावर ठेवलं तर मिळत नाही.

पाण्याची कटकट नको असेल तर पोळ्यांचा कॅसरोल चालतो. आधी त्यात गरम पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ओतून टाका, मग विरजलेलं दूध थेट त्यात घाला. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवण्याची युक्तीही चांगली आहे, पण काही ओव्हन दिव्यानेच पन्नाशीकडे जातात आणि काही तिशीही गाठत नाहीत. आधी एकदा वाटीभर पाणी तीन तास ठेवून त्याचं तापमान बघून घ्या. ४० च्या जवळपास असेल तर उत्तम.

विरजणाची निवड चमच्याच्या मापापेक्षा महत्त्वाची आहे. आदल्या दिवशीचं, गोडसर, घट्ट दही घ्या, आणि तेही भांड्याच्या मधलं. वर सुटलेलं पाणी किंवा पार आंबलेलं दही घेऊ नका. आठवडाभराच्या आंबट दह्यातले बरेच जिवाणू स्वतःच्याच आंबटपणाने थकलेले असतात. दही लागायला उशीर होतो आणि लागतं तेही आंबट. फ्रिजमधलं विरजण अर्धा तास आधी बाहेर काढा. वाटीत चमच्याने अगदी एकजीव करा, त्यात दोन-तीन चमचे कोमट दूध मिसळा आणि मग ते सगळ्या दुधात घालून वीस-पंचवीस वेळा ढवळा. विरजणाचा गोळा तसाच तळाशी बसला तर तिथलं दही आंबट आणि वरचं दूध कच्चं, असा प्रकार होतो.

आणि यानंतर भांडं हलवायचं नाही. जाळं बनत असताना भांडं उचलून बघितलं, जागा बदलली, झाकण उघडून बोट घालून पाहिलं, की जाळ्याला तडे जातात. ते पुन्हा जुळत नाहीत आणि प्रत्येक तड्यातून पाणी सुटतं. भांडं शेवटपर्यंत जिथे राहणार आहे, तिथेच ठेवून विरजण मिसळलं तर सगळ्यात बरं.

दही लागलं का हे बघायला वेळ जवळ आल्यावर भांडं अगदी किंचित तिरकं करा. पृष्ठभाग दुधासारखा वाहिला तर अजून वेळ आहे. सगळा थर एकसंध थरथरला आणि कडेपासून केसभर सुटला, तर दही लागलं. हा क्षण महत्त्वाचा. चव घेतली तर ते अजून गोडसर, अधमुऱ्याच्या जरासं पुढचं लागेल आणि हाताला मऊच वाटेल. मऊ आहे म्हणून आणखी दोन तास बाहेर ठेवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक दही तिथेच आंबतं. लागल्याबरोबर भांडं अलगद फ्रिजमध्ये सरकवा. गार होताना जाळं आणखी आवळत नाही, पण दही घट्ट होतं. चार-पाच तासांनी त्यात सुरी उभी घालून बघा. कवडी पडते ती तेव्हा, ओट्यावर असताना नव्हे. उन्हाळ्यात झोपायच्या आत दही फ्रिजमध्ये जायला हवं असेल, तर विरजण संध्याकाळी पाच-सहाला लावा. रात्री लावून सकाळपर्यंत ठेवू नका.

मातीच्या भांड्यात दही जास्त घट्ट लागतं हे खरं आहे. भांडं थोडं पाणी शोषून घेतं आणि बाहेरून बाष्पीभवन होत राहतं. पण त्याच बाष्पीभवनाने भांडं गारही पडतं, म्हणून मातीचं भांडं उन्हाळ्यात वापरा, थंडीत स्टील किंवा काच बरी. नवीन भांडं आधी पाण्यात भिजवून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या.

थंडीत आणखी एक तक्रार येते: दही लागतं, पण चमच्याने उचललं की चिकट तार सुटते. खूप वेळ कमी उबेत लागलेल्या दह्यात असं होतं. गारव्यात वाढणारे काही जिवाणू चिकट शर्करा तयार करतात. ते दही खराब झालेलं नसतं, पण विरजण म्हणून वापरू नका, कारण तार पुढच्या दह्यातही येईल. ताजं, चांगलं विरजण आणा आणि दोन-तीन वेळा ४२ अंशांच्या उबेत दही लावा.

सगळं बरोबर करूनही एखादं दूध लागतच नसेल, आणि तेच विरजण दुसऱ्या दुधाला व्यवस्थित लागत असेल, तर दुधात दोष असू शकतो. जनावराला प्रतिजैविकं दिलेली असताना काढलेल्या दुधात त्यांचा अंश राहतो आणि तो घरच्या उकळण्याने पुरता जात नाही. असं दूध जिवाणूंची वाढ रोखतं. दूध बदलून बघणं एवढाच त्यावर मार्ग.

सकाळी उठल्यावर दूध अजून पातळच असेल, पण वास स्वच्छ असेल, तर ते फेकू नका आणि गॅसवरही ठेवू नका. गॅसवर तळाचं दूध साठीच्या वर जातं आणि फाटतं. भांडं ४५ अंशांच्या पाण्यात ठेवा, पाणी तासाभराने बदला. विरजण जिवंत असेल तर दोन-तीन तासांत दही लागतं. रात्री दूध फार गरम असताना विरजण घातल्याची शंका असेल, तर दूध ४२ अंशांवर आल्यावर एक चमचा ताजं विरजण हलक्या हाताने मिसळून पुन्हा उबेत ठेवा. बुडबुडे आलेत, यीस्टसारखा किंवा कुबट वास येतोय, गुलाबी-हिरवे ठिपके दिसताहेत, तर मात्र ते टाकून द्या. त्याचं विरजण ठेवू नका आणि भांडं उकळत्या पाण्याने धुऊन घ्या.